फाईल अडली, तिच्या एररचा फोटो मात्र गेला

एआय चॅटबॉटला एखादं कागदपत्र वाचायला द्यायला जावं, तर फाईल चढतच नाही. खाली कोपऱ्यात लालसर पट्टी उमटते, तिच्यात इंग्रजीत एखाद-दोन वाक्यं असतात आणि आपण चष्मा सावरेपर्यंत ती पट्टी गायब होते. अशा वेळी हल्ली बरेच जण एक सरळ उपाय करतात. त्या एररचाच स्क्रीनशॉट काढतात, त्याच चॅटमध्ये टाकतात आणि खाली लिहितात, 'हे काय झालं?' ज्याने फाईल नाकारली, त्यालाच नकाराचा फोटो दाखवून कारण विचारायचं. ऐकायला विचित्र वाटतं, पण उपाय चांगला आहे. फक्त तो कुठपर्यंत चालतो हे माहीत असायला हवं, कारण तिथून पुढे हाच उपाय दिशाभूल करू शकतो.

पहिली गोष्ट म्हणजे, 'ज्याने नाकारली त्यालाच विचारायचं' हे तितकंसं खरं नाही. आपल्याला स्क्रीनवर एकच खिडकी दिसते, म्हणून सगळं एकाच जागी घडतंय असं वाटतं. प्रत्यक्षात फाईलला बऱ्याच जणांच्या हातांतून जावं लागतं. आधी आपला ब्राउझर किंवा मोबाइलमधलं ॲप तिचा प्रकार आणि आकार पाहतं. मग ती नेटवरून कंपनीच्या सर्व्हरकडे जाते. तिथे ती उघडली जाते, तिच्यातला मजकूर आणि चित्रं बाहेर काढली जातात. एवढं सगळं नीट पार पडलं, तरच त्यातून निघालेला मजकूर भाषा समजणाऱ्या मॉडेलपुढे, म्हणजे उत्तर लिहिणाऱ्या भागापुढे ठेवला जातो. सोसायटीच्या गेटवर वॉचमनने पाहुण्याला परत पाठवलं, तर चौथ्या मजल्यावरच्या यजमानाला कोणी आलं होतं हेही कळत नाही. अडलेल्या फाईलचं तसंच होतं. उत्तर लिहिणाऱ्या मॉडेलला तुमचा ब्राउझर दिसत नाही, सर्व्हरवरच्या नोंदी दिसत नाहीत, तुमच्या नेटचा वेग कळत नाही. चॅटमध्ये जे पोचलं तेवढंच त्याचं जग. ती लाल पट्टी चॅटचा भाग नसते. ती फक्त तुमच्या स्क्रीनवर असते.

म्हणून तर स्क्रीनशॉटची गरज पडते. एरवी 'फाईल का गेली नाही?' एवढंच लिहिलं, तर मॉडेलकडे उत्तर द्यायला काहीच आधार नसतो. स्क्रीनशॉटमुळे निदान पट्टीवरचे शब्द त्याच्यापुढे येतात. ज्यांना इंग्रजी मेसेज वाचून घाबरायला होतं, त्यांच्यासाठी हा फायदा मोठा आहे. ते शब्द काय सांगतात हे साध्या मराठीत कळतं आणि त्यावर पुढचा प्रश्नही विचारता येतो.

आणखी एक फायदा असा, की तो सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. स्क्रीनशॉटही एक फाईलच आहे. तीही त्याच रस्त्याने वर जाते. तेव्हा मूळ फाईल अडली आणि स्क्रीनशॉट मात्र विनातक्रार गेला, तर पट्टीवरचं एक अक्षरही न वाचता बरंच काही कळलेलं असतं. तुम्ही लॉगिन आहात, नेट चालू आहे, सेवा बंद पडलेली नाही आणि फाईल जोडायची मुभा तुमच्या खात्याला अजून आहे. म्हणजे दोष असलाच तर त्या विशिष्ट फाईलमध्ये किंवा तिच्या आकारात आहे. 'सर्व्हर डाउन असेल', 'लॉगआउट करून पुन्हा या', 'दुसरा ब्राउझर वापरून बघा' हे सल्ले एका झटक्यात यादीच्या तळाशी जातात.

याचं एक नेहमीचं उदाहरण आयफोनच्या फोटोंचं. 2017 साली आलेल्या आयओएस 11पासून आयफोनचा कॅमेरा फोटो साध्या जेपीजीऐवजी एचईआयसी या प्रकारात ठेवू लागला. त्यात जागा कमी लागते. फोनवरून थेट फोटो निवडला तर तो बऱ्याचदा वाटेतच जेपीजीमध्ये बदलून दिला जातो, त्यामुळे काही जाणवत नाही. पण तेच फोटो केबलने विंडोजच्या कॉम्प्युटरवर उतरवले आणि तिथून चढवायला गेलं, की नावाच्या शेवटी `.heic` असलेली फाईल पुष्कळ ठिकाणी नाकारली जाते. त्या नकाराचा स्क्रीनशॉट मात्र पीएनजी प्रकारात तयार होतो आणि पीएनजी सगळीकडे चालतो. दोन्ही चित्रंच, एक अडतं आणि दुसरं जातं. एवढ्यावरूनच संशय फाईलच्या प्रकारावर जायला हवा.

आता या पद्धतीची खरी कसोटी कुठे लागते, ते एका प्रसंगातून सांगते. माझी मावसबहीण डोंबिवलीत राहते. तिची इमारत पुनर्विकासाला निघाली आहे आणि ती सोसायटीच्या कमिटीवर आहे. बिल्डरकडून विकास करारनाम्याचा मसुदा आला, 52 पानांचा, छापील. तिने तो कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडून स्कॅन करून पेन ड्राइव्हवर घेतला आणि घरी येऊन चॅटबॉटला वाचायला द्यायला बसली. निळी रेघ हळूहळू पुढे सरकली, मध्येच थांबली आणि पट्टी आली: `Upload failed. Please try again.` पुन्हा केलं, पुन्हा तेच. मग तिने पट्टी निघून जायच्या आत स्क्रीनशॉट घेतला, फक्त पट्टीएवढा भाग कापला आणि तो चॅटमध्ये टाकला.

उत्तरात पाच-सहा शक्यता आल्या. फाईल मोठी असेल, नेट कमजोर असेल, प्रकार चालत नसेल, फाईल खराब असेल किंवा तिला पासवर्ड असेल, सेवेवर ताण असेल. प्रत्येकीपुढे एकेक उपाय होता. यातलं चुकीचं काहीच नव्हतं, पण ते निदानही नव्हतं. त्या पाच शब्दांच्या मेसेजमध्ये कारण लिहिलेलंच नाही, मग चित्रातून ते सापडणार कुठून? मॉडेलने मेसेज अचूक वाचला होता. अडचण वाचण्यात नव्हती. पट्टी लिहिणाऱ्यानेच कारण सांगितलं नव्हतं. असा गुळमुळीत मेसेज असला, की मॉडेलकडून येणारी यादी ही अशा प्रसंगी साधारण काय होतं याची यादी असते. तुमच्या फाईलचं काय झालं, ते त्यात नसतं. यादी ठाम सुरात आणि क्रमांक घालून लिहिलेली असली तरी हा फरक विसरू नये.

मग तिने मला फोन केला. मी विचारलं, "फाईल केवढी आहे? आणि कुठल्या क्षणी अडली?" पहिल्या प्रश्नाचं उत्तर तिला ठाऊक नव्हतं. फाईलवर उजवं क्लिक करून पाहिल्यावर कळलं, 68 एमबी. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर तिला माहीत होतं, पण ते सांगण्यासारखं आहे असं तिला वाटलं नव्हतं. ती म्हणाली, "अगं, अर्ध्याच्या पुढे गेली होती की रेघ. मग तुटली."

स्क्रीनशॉटमध्ये नेमकं हेच येत नाही. तो शेवटच्या क्षणाचा फोटो असतो, त्याच्या आधीची हालचाल त्यात नसते. आणि कारण शोधायला सगळ्यात उपयोगी पडते ती हालचाल. फाईल निवडताक्षणी, रेघ सुरू होण्याआधीच मेसेज आला, तर बहुधा ब्राउझरनेच नावाचं शेपूट किंवा आकार पाहून अडवलं आहे. तेव्हा नेटकडे बघायचं कारण नाही, कारण फाईल घराबाहेर पडलेलीच नाही. रेघ मध्येच तुटली, तर एकतर नेट दगा देतंय किंवा पलीकडच्या सर्व्हरने 'एवढं मोठं घेत नाही' म्हणून हात आखडता घेतला आहे. रेघ पूर्ण भरली, थोडा वेळ गोल चक्र फिरलं आणि मग मेसेज आला, तर फाईल पोचली आहे आणि उघडताना काहीतरी बिनसलं आहे. पासवर्ड असतो, फाईल आतून मोडकी असते किंवा पानं फार असतात. आणि फाईल व्यवस्थित जोडली गेली, पण प्रश्न पाठवल्यावर एरर आली, तर त्या चॅटमध्ये आधीच मजकूर इतका साचलेला असतो की नव्या फाईलला जागा उरत नाही. तेव्हा नवीन चॅट उघडून बघावं. पट्टीवरचे शब्द या चारही वेळा तेच असू शकतात.

मावसबहिणीची रेघ मध्ये तुटत होती, म्हणजे नेट किंवा आकार. इथे कोणी म्हणेल की स्क्रीनशॉट गेला, म्हणजे नेट ठीकच आहे. पण इथे थोडं थांबून हिशेब करावा लागतो. तिच्या घरच्या जोडणीवर वर पाठवायचा वेग सेकंदाला 5 मेगाबिट धरला, तर 300 केबीचा स्क्रीनशॉट अर्ध्या सेकंदात जातो. 68 एमबीला पावणेदोन मिनिटांहून जास्त लागतात आणि तेवढा वेळ जोडणी अखंड टिकावी लागते. दर अर्ध्या मिनिटाला हिसका देणारं नेट स्क्रीनशॉट आरामात जाऊ देईल आणि मोठी फाईल दर वेळी पाडेल. म्हणजे स्क्रीनशॉट गेला याचा अर्थ 'नेट आहे' एवढाच घ्यायचा. 'नेट भक्कम आहे' हे त्यातून ठरत नाही.

हे दोन संशयित वेगळे करायची एक सोपी खूण आहे. नेट तुटतं ते कुठेही तुटतं, कधी पाव भागावर, कधी तीन चतुर्थांशावर. आकाराची मर्यादा मात्र दर वेळी त्याच वागणुकीने आडवी येते. तिने फोन चालू ठेवून परत चढवून पाहिलं. रेघ जवळपास तिथेच तुटली. मग मोबाइलच्या हॉटस्पॉटवर कॉम्प्युटर जोडून पाहिलं, तरी तिथेच. आता पारडं आकाराच्या बाजूला झुकलं.

मग तिने दुसरा स्क्रीनशॉट घेतला. या वेळी पट्टी कापून न घेता चॅटची पूर्ण खिडकी घेतली, ज्यात फाईलचं नाव आणि अर्धवट रेघही दिसत होती. सोबत चार ओळी टाईप केल्या: पीडीएफ आहे, 68 एमबी, 52 पानं, स्कॅन केलेली, उघडताना पासवर्ड विचारत नाही, रेघ दर वेळी एकाच जागी तुटते, दोन वेगवेगळ्या नेटवर तेच. या वेळी आलेलं उत्तर पहिल्यासारखं सैल नव्हतं. आकाराची मर्यादा ओलांडली गेली असण्याची शक्यता सर्वांत वर होती आणि पहिली पाच पानं वेगळी काढून चढवून बघा, असा उपाय होता. मर्यादेचा एक आकडाही त्यात होता. मी तिला म्हटलं, "तो आकडा धरून बसू नकोस, मदतीच्या पानावर जाऊन बघ." मॉडेल शिकतं ते एका ठरावीक तारखेपर्यंतच्या मजकुरावर. कंपन्या मर्यादा मध्येच बदलतात, फुकटच्या आणि पैसे भरलेल्या खात्यांना वेगवेगळ्या ठेवतात. आपण ज्याच्याशी बोलतोय त्याला स्वतःच्या दाराची उंची माहीत असेलच, असं आपण गृहीत धरतो, पण ते तसं नाही. मदतीच्या पानावर त्या दिवशी 30 एमबी लिहिलं होतं. उत्तरातला आकडा वेगळा होता.

पाच पानं काढायला तिला वेगळं काही बसवावं लागलं नाही. पीडीएफ ब्राउझरमध्ये उघडून 'प्रिंट' दाबायचं, प्रिंटरच्या जागी 'पीडीएफ म्हणून सेव्ह करा' निवडायचं आणि पानांच्या रकान्यात `1-5` लिहायचं. ती छोटी फाईल पहिल्या झटक्यात चढली. या चाचणीलाही एक मर्यादा आहे. अशा रीतीने सेव्ह केलेली प्रत नव्याने बनते, त्यामुळे मूळ फाईलला पासवर्ड असेल किंवा ती आतून थोडी मोडकी असेल, तर तो दोष नव्या प्रतीत राहत नाही. म्हणजे पाच पानं गेली यावरून मूळ फाईल निर्दोष ठरत नाही. पण 68 आणि 30 हे आकडे समोर असताना आणखी पुराव्याची गरज नव्हती.

राहता राहिला प्रश्न, छापील 52 पानं 68 एमबीची झाली कशी? ती पेन ड्राइव्ह घेऊन परत झेरॉक्सच्या दुकानात गेली. दुकानदार म्हणाला, "ताई, सहाशेवर काढलंय, कलरमध्ये. एकदम क्लिअर यावं म्हणून." त्याने आपुलकीनेच केलं होतं. सहाशे म्हणजे एका इंचात 600 ठिपके. ए-फोर आकाराचं एक पान 600वर स्कॅन केलं, की ते साधारण 4960 गुणिले 7016, म्हणजे जवळपास साडेतीन कोटी ठिपक्यांचं होतं. तेच 300वर काढलं, तर 87 लाखांच्या आसपास, बरोबर चौथा हिस्सा. आकडा निम्मा केला की ठिपके पाव होतात, कारण लांबी आणि रुंदी दोन्ही निम्म्या होतात. छापील मजकूर वाचायला 300 पुरेसं असतं आणि काळ्या अक्षरांच्या करारनाम्याला रंगाची गरज नसते. दुकानदाराने 300वर, करड्या छटांत पुन्हा काढून दिलं. फाईल 14 एमबीची झाली आणि चढली.

या सगळ्याच्या मध्ये एक गोष्ट घडली होती, आणि मला ती फाईल अडण्याहून जास्त गंभीर वाटते. दुसऱ्या स्क्रीनशॉटनंतर, फाईल अजून चढलेली नसताना, तिने उत्सुकतेपोटी विचारलं होतं की करारात कॉर्पस फंडाचं काय म्हटलं आहे. त्यावर सविस्तर उत्तर आलं. कॉर्पस कधी द्यायचा, कसा वाटायचा, हप्ते कसे असतात. वाचताना असं वाटत होतं की करार वाचूनच लिहिलंय. करार तर वरच गेला नव्हता! स्क्रीनशॉटमध्ये फाईलचं नाव होतं, त्यात 'विकास करारनामा मसुदा' असे शब्द होते आणि असे करार साधारण कसे असतात हे मॉडेलला माहीत होतं. तेवढ्यावर ते उत्तर बेतलं गेलं होतं. प्रत्येक वेळी असं होतं असं नाही. बऱ्याचदा फाईल मिळालेली नाही, हे स्पष्ट लिहून येतं. पण स्क्रीनशॉटमध्ये फाईलचं नाव ठळक दिसत असलं, की ही घसरण सोपी होते आणि फसणाऱ्याला ती कळतही नाही.

ओळखायची युक्ती साधी आहे. कलमाचा क्रमांक आणि त्या कलमातलं पहिलं वाक्य जसंच्या तसं मागायचं आणि हातातल्या छापील कागदाशी ताडून बघायचं. मावसबहिणीच्या कागदावर कॉर्पसची रक्कम प्रत्येक फ्लॅटमागे आकड्यात आणि अक्षरांत लिहिलेली होती. त्या उत्तरात रक्कम कुठेच नव्हती. सोसायटीच्या सभेत असं उत्तर वाचून दाखवलं गेलं असतं, तर चाळीस कुटुंबांनी त्यावर चर्चा केली असती, या विचाराने मला आजही अस्वस्थ व्हायला होतं. एररचा स्क्रीनशॉट टाकला की त्या चॅटमध्ये फक्त एररबद्दलच बोलावं. फाईल खरोखर चढली की नवीन चॅट उघडून तिथे ती जोडावी. जुन्या चॅटमधला अंदाज मग नव्या उत्तरात मिसळत नाही.

स्क्रीनशॉट कसा घ्यावा, यावर थोडं बोलू. पट्टी चार-पाच सेकंदांत जाते, म्हणून बटणं आधीच माहीत असलेली बरी. विंडोजवर `Win + Shift + S` दाबून हवा तो चौकोन आखता येतो आणि चॅटमध्ये `Ctrl + V` केलं की चित्र चिकटतं. मॅकवर `Cmd + Shift + 4`. बहुतेक अँड्रॉइड फोनवर पॉवर आणि आवाज कमी करायचं बटण एकदम दाबतात. चौकोन केवढा आखायचा, यात मात्र विचार लागतो. फक्त पट्टी घेतली तर संदर्भ जातो. संपूर्ण स्क्रीन घेतली तर अक्षरं बारीक होतात, कारण मॉडेलपुढे ठेवण्याआधी मोठी चित्रं लहान केली जातात. 3840 पिक्सेल रुंदीच्या फोर-के मॉनिटरचा पूर्ण फोटो दीड हजार पिक्सेलच्या आसपास आणला गेला, तर 20 पिक्सेल उंचीचं अक्षर आठ पिक्सेलचं उरतं. त्यात शून्य आणि इंग्रजी ओ, आठ आणि बी यांची सरमिसळ होते. पट्टी, फाईलचं नाव आणि रेघ एवढं मावेल इतकाच चौकोन घेणं उत्तम. पट्टीवर एखादा लांबलचक संदर्भ क्रमांक असेल आणि तो माउसने निवडता येत असेल, तर कॉपी करून अक्षरांतच चिकटवावा. अक्षरांत दिलेला मजकूर चुकीचा वाचला जाण्याचा प्रश्नच येत नाही.

मेसेजमध्ये तीन अंकी आकडा दिसला, तर तो चौकोनात आलाच पाहिजे, कारण शब्दांपेक्षा तो जास्त भरवशाचा असतो. उदाहरणार्थ `413`. वेबच्या नियमावलीत 1999 साली या आकड्यापुढे `Request Entity Too Large` असं लिहिलं होतं. 2014 साली ते `Payload Too Large` झालं आणि 2022 साली `Content Too Large`. जुने-नवे सर्व्हर आपापल्या काळातले शब्द दाखवतात, अर्थ मात्र एकच, की पाठवलेलं मर्यादेपेक्षा मोठं आहे. `415` म्हणजे हा प्रकार चालत नाही. `429` म्हणजे थोड्या वेळात फार मागण्या झाल्या, जरा थांबा. पाचने सुरू होणारे आकडे, `500`, `502`, `503`, दोष सर्व्हरच्या बाजूला असल्याचं सांगतात. तेव्हा आपण फाईल कापण्यात आणि पुन्हा स्कॅन करण्यात वेळ घालवू नये, थोड्या वेळाने परत पाहावं. मावसबहिणीच्या पट्टीवर `413` एवढं जरी लिहिलेलं असतं, तरी पहिल्याच उत्तरात काम झालं असतं. सेवा बनवणाऱ्यांनी 'पुन्हा प्रयत्न करा' असं लिहून मोकळं होणं मला पटत नाही. मर्यादा 30 आहे आणि तुमची फाईल 68 आहे, हे त्यांच्या सर्व्हरला माहीत असतं. ते एका ओळीत सांगितलं, तर वापरणाऱ्याची संध्याकाळ वाचते.

स्क्रीनशॉटमधून काय बाहेर जातंय, हेही बघायला हवं. घाईत घेतलेल्या पूर्ण स्क्रीनच्या फोटोत शेजारच्या टॅबची नावं येतात, कोपऱ्यात उमटलेला बँकेचा ओटीपी येतो, ईमेलचा पत्ता येतो. कधी फाईलच्या नावातच माणसाचं नाव आणि खाते क्रमांक असतो. आपण मूळ कागद कमी करून, झाकून देण्याची काळजी घेतो आणि त्याच्या एररचा फोटो मात्र बिनधास्त टाकतो. ई-आधार किंवा बँकेचं स्टेटमेंट अडलं असेल, तर ते पासवर्डमुळेच अडलं असण्याची शक्यता मोठी, कारण या पीडीएफ बहुधा पासवर्डसकटच येतात. ई-आधारचा पासवर्ड नावाची पहिली चार इंग्रजी अक्षरं आणि जन्मवर्ष असा असतो. तो स्क्रीनशॉटमध्ये किंवा चॅटमध्ये लिहून देऊ नये. मुळात असे कागद चॅटबॉटला द्यायचे का, याचाच आधी विचार करावा.

आणि स्क्रीनशॉटही अडला तर? त्यातूनही माहिती मिळते. 300 केबीचं पीएनजी चित्रही जात नसेल, तर मूळ फाईलला दोष देण्यात अर्थ नाही. फुकटच्या खात्यावर दिवसाला ठरावीक फाईली जोडता येतात, त्या संपल्या असतील. नेट गेलं असेल. ऑफिसच्या कॉम्प्युटरवर बाहेर फाईली पाठवायला बंदी असेल. कंपनीची अपलोड सेवा तेवढ्यापुरती बंद असेल. अशा वेळी पट्टीवरचे शब्द जसेच्या तसे, स्पेलिंगसकट, प्रश्नाच्या रकान्यात टाईप करावेत आणि फाईल व स्क्रीनशॉट दोन्ही जात नाहीत हे सोबत लिहावं. टाईप केलेला मजकूर अपलोडच्या रस्त्याने जात नाही, त्यामुळे तो बहुतेक पोचतो. तोही पोचला नाही, तर नेट बघावं आणि ते चालू असेल तर सेवेच्या स्थितीचं पान उघडावं. बऱ्याच कंपन्या असं पान ठेवतात, तिथे कुठला भाग सध्या बंद आहे ते रंगांच्या खुणांनी दाखवलेलं असतं. अपलोडच्या पुढे लाल खूण दिसली, की फाईलला हात न लावता दोन तासांनी परत यावं.